पाकिटामागच्या तक्त्यावरून एका वाढपाच्या कॅलरी आणि प्रोटीन : दादाच्या डाएटसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

दादा सांगलीला, मी पुण्यात. त्याला आहारतज्ज्ञ मॅडमनी वजन कमी करण्यासाठी योजना आखून दिली आहे: दिवसाला १५०० कॅलरी आणि ८० ग्रॅम प्रोटीन. खायचं काय ते त्याला कळतं, पण पाकिटामागच्या तक्त्यातून आपल्या ताटातला आकडा काढता येत नाही. ठरलं असं की त्याने पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायचा, किती खाल्लं ते वजनात सांगायचं आणि मी हिशोब करून शीटमध्ये भरायचं. असं काम घरच्यांसाठी करणारे आणखी असतील, म्हणून रोज काय झालं ते लिहून ठेवतो.

वहिनींसाठी ४५० रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला. ५ किलोपर्यंत मोजतो आणि १ ग्रॅमचा फरक दाखवतो. मापाच्या भांड्यात ५०० मिली पाणी घेऊन तपासला, ५०२ ग्रॅम दाखवले. आपल्या कामाला एवढा अचूकपणा पुरेसा आहे.

सूत्र एकच आहे: तक्त्यातला १०० ग्रॅमचा आकडा गुणिले खाल्लेलं वजन भागिले १००. पहिल्या दिवशी सहा पाकिटं हाताने भरली, पाऊण तास गेला.

७ जानेवारी

हाताने भरताना चुका होत आहेत. दादाने एका पाकिटाचा जो आकडा घेतला तो १०० ग्रॅमचा नव्हता, शेजारच्या रकान्यातला होता.

आपल्याकडच्या तक्त्यांत साधारणपणे पहिला रकाना १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलीचा असतो. त्याच्या शेजारी एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो ते असतं. ही टक्केवारी २००० कॅलरींच्या दिवसावर काढलेली असते. दादाची मर्यादा १५०० ची असल्यामुळे ते टक्के त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शिवाय टक्के ऊर्जा, फॅट, साखर आणि सोडियमचे देतात, प्रोटीनसमोरचा चौकोन बहुतेक पाकिटांवर रिकामा असतो. म्हणजे आपल्याला हवा असलेला प्रोटीनचा आकडा तिथे मिळतच नाही. दादाला सांगितलं, टक्क्यांचा रकाना सध्या वाचायचाच नाही.

९ जानेवारी

आकडे टंकायचा कंटाळा आला म्हणून फोटोतून मजकूर उचलणारा टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर बसवला. पहिल्या पाच फोटोंपैकी एकच धड वाचला गेला. दोष प्रोग्रामचा कमी आणि फोटोंचा जास्त होता. चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटला होता आणि नेमक्या प्रोटीनच्या ओळीवरून गेला होता. एक फोटो इतक्या जवळून काढला होता की मधला भाग स्पष्ट आणि कडा पुसट.

दादाला फोनवर फोटो काढायची पद्धत सांगितली. फ्लॅश बंद. खिडकीशी दिवसाच्या उजेडात उभं राहायचं, पण ऊन थेट पाकिटावर पडू द्यायचं नाही. पाकीट पाटावर ताणून सपाट करायचं, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या. फोन हातभर लांब धरून दुप्पट झूम करायचं, म्हणजे फोनची सावलीही पडत नाही आणि कडाही स्पष्ट येतात. आणि फोटोत तक्ता पूर्ण आला पाहिजे, त्याच्या वरची सर्व्हिंगची ओळसुद्धा.

यानंतरचे फोटो आधी इमेजमॅजिक या प्रोग्रामच्या `convert` ने करडे करून, मोठे आणि सरळ करून मग टेसरॅक्टला वाचायला दिले:

```
convert photo.jpg -colorspace Gray -deskew 40% -resize 200% -normalize saaf.png
tesseract saaf.png out --psm 6
```

गडद पाकिटावर पांढरी अक्षरं असतील तर पहिल्या ओळीत `-negate` घालावं लागतं. हे कळायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. गोल डब्यावरचा तक्ता मात्र एका फोटोत नीट येत नाही. डबा थोडा फिरवून दोन फोटो घ्यायचे आणि हाताने भरायचं, त्यात वेळ वाचतो.

१२ जानेवारी

वाचलेल्या मजकुरात एकाच प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. आकड्याला चिकटून असलेला इंग्रजी `g` हा 9 म्हणून वाचला जातो, त्यामुळे `52g` चं `529` होतं आणि `0.5g` चं `0.59`. दुसरी चूक दशांशचिन्हाची. बारीक टिंब पुसट असलं की नाहीसंच होतं. टोन्ड दुधाच्या पिशवीवर १०० मिलीला ३.१ ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं होतं, माझ्या शीटमध्ये ३१ आलं. दादाने त्या दिवशी २०० मिली दूध घेतलं होतं, म्हणजे ६२ ग्रॅम प्रोटीन! ही चूक नजरेला लगेच खटकली. पण प्रत्येक चूक अशी खटकेलच असं नाही, म्हणून तपासणी लागणार.

तपासणी तक्त्यातच असते. प्रोटीनच्या ग्रॅमला ४ कॅलरी, कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमला ४ आणि फॅटच्या ग्रॅमला ९. तिन्हींची बेरीज छापलेल्या कॅलरींच्या जवळपास यायला हवी. दुधाचं बघा: प्रोटीन ३.१, कार्बोहायड्रेट ४.७, फॅट ३. बेरीज १२.४ अधिक १८.८ अधिक २७, म्हणजे ५८.२. पिशवीवर ५८ आहे. प्रोटीन ३१ धरलं तर बेरीज १७० च्या आसपास जाते आणि चूक उघडी पडते.

सोया चंक्सचं तर तंतोतंत जुळलं. १०० ग्रॅमला प्रोटीन ५२, कार्बोहायड्रेट ३३, फॅट ०.५, कॅलरी ३४५. माझी बेरीज ३४४.५. हे बघून मला फार बरं वाटलं आणि या पाकिटाच्या बाबतीत मी निर्धास्त झालो.

१५ जानेवारी

बेरीज तपासणीला एक मोठी फट आहे, ती आज कळली.

भाजक्या डाळ्याच्या पाकिटाचा फोटो. वाचलेल्या मजकुरात ओळींची नावं एका बाजूला आणि आकडे दुसऱ्या बाजूला पडले होते, दादाने ते हाताने जुळवले. प्रोटीन ५८, कार्बोहायड्रेट २२, फॅट ५, कॅलरी ३६९. बेरीज ३६५, तपासणी पास. खरं तर प्रोटीन २२ आणि कार्बोहायड्रेट ५८ होतं. दोघांनाही ४ नेच गुणायचं असल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तरी बेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही. ३० ग्रॅम डाळ्यातून ६.६ ग्रॅम प्रोटीन मिळतं, शीटमध्ये १७.४ पडलं.

सोयाच्या बाबतीत हेच झालं असतं तर कोणाच्याच लक्षात आलं नसतं, कारण ५२ आणि ३३ दोन्ही आकडे खरे वाटण्यासारखे आहेत. डाळ्याचं लक्षात आलं ते केवळ ५८ ग्रॅम प्रोटीन हा आकडा डाळ्यासाठी अशक्य वाटला म्हणून.

आजपासून नियम: बाकीचे आकडे प्रोग्रामने वाचले तरी चालतील, पण प्रोटीनची ओळ फोटोवर बोट ठेवून डोळ्यांनी वाचायची आणि हाताने लिहायची. एका पाकिटाला दहा सेकंद लागतात. उलट `0.59` सारखी चूक बेरजेत सापडत नाही, पण ०.०९ ग्रॅम फॅट म्हणजे एक कॅलरीसुद्धा नाही. तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

१९ जानेवारी

आजची नोंद या सगळ्या कामातली सर्वात महत्त्वाची आहे. चूक पूर्णपणे माझी आहे.

दादा मॅडमकडे गेला होता. दोन आठवड्यांत वजन २ किलो ६०० ग्रॅम उतरलं म्हणून आम्ही खूश होतो. मॅडमनी मात्र आधी विचारलं, संध्याकाळी गळून जायला होतं का? दादा म्हणाला, होतं, चार पाच वेळा झालं. मग त्यांनी शीट बघितलं. एका दिवसावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दुपारच्या जेवणात एकट्या सोयातून ७८ ग्रॅम प्रोटीन? वड्या कोरड्या मोजल्या होत्या की भिजवलेल्या?"

भिजवलेल्या. वहिनी वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मग काट्यावर ठेवत होत्या. वजन १५० ग्रॅम. मी ते तक्त्यातल्या आकड्याला लावत होतो: ५१८ कॅलरी, ७८ ग्रॅम प्रोटीन. तक्ता मात्र पाकिटातल्या कोरड्या वड्यांचा आहे. घरी येऊन वहिनींनी ५० ग्रॅम कोरड्या वड्या भिजवून पिळल्या, वजन भरलं १५२ ग्रॅम. तिप्पट. वाढलेले १०० ग्रॅम निव्वळ पाणी. म्हणजे त्या वाढपात खरे आकडे होते १७३ कॅलरी आणि २६ ग्रॅम प्रोटीन.

याचा परिणाम काय झाला ते लिहितो, कारण ही चूक नुसती कागदावर राहिली नाही. सोया खाल्लेल्या पाच दिवशी शीट दुपारीच सांगत होतं की प्रोटीन पुरं झालं. मी दादाला कळवलं की आज रात्री अंडी नकोत, दह्याचीही गरज नाही. त्या पाच दिवशी त्याच्या पोटात रोज ३४५ कॅलरी कमी गेल्या, आणि प्रोटीन ८० च्या जागी तीस पस्तीसच्या आसपास राहिलं. दमणूक त्याची होती. उतरलेल्या वजनात काही भाग आम्हाला नको असलेल्या कारणानेही उतरला असणार. मी दादाची माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, बेरीज जुळत होती ना, मग तुझं कुठं चुकलं?" पण चुकलं ते तिथेच. बेरीज फक्त तक्ता नीट वाचला का एवढं सांगते. आपण काट्यावर ठेवलेली वस्तू आणि तक्त्यातली वस्तू एकाच अवस्थेतली आहे का, हे ती सांगू शकत नाही.

२० जानेवारी

शीटमध्ये "वजन कशाचं" हा नवा रकाना घातला. त्यात तीनच शब्द चालतात: कोरडं, भिजवलेलं, शिजलेलं. "कोरडं" नसेल तर हिशोबाचा रकाना लाल होतो. ओट्स, डाळी, तांदूळ, शेवया, पोहे, सगळ्यांना हाच नियम. वहिनींना फोन करून समजावलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मग पातेल्यात टाकायच्या आधीच मोजते, नंतर मोजायची भानगडच नको." हेच बरोबर आहे.

मागचे सगळे दिवस पुन्हा भरले. दोन तास गेले. शिजवलेल्या ओट्समध्येही तशीच चूक सापडली, पण ती दोनच दिवस होती.

२५ जानेवारी

आता पुढचा प्रश्न. वड्यांचा रस्सा एकट्या दादासाठी होत नाही, चौघांसाठी होतो. त्याच्या वाटीत किती आलं ते कसं काढायचं? आज वहिनींनी पूर्ण स्वयंपाक काट्यावर केला आणि मी फोनवर लिहून घेतलं.

कोरड्या वड्या १०० ग्रॅम: ३४५ कॅलरी, ५२ ग्रॅम प्रोटीन. कांदा आणि टोमॅटो मिळून ३०० ग्रॅम. यांना तक्ता नसतो, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकावरून घेतलं. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, ४.१८४ ने भागल्यावर कॅलरी मिळतात. मी आधी तसेच आकडे घेतले आणि कांदा चौपट जड झाला, मग लक्षात आलं. भागून दोन्ही मिळून साधारण १०० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रोटीन. सुकं खोबरं २० ग्रॅम: सुमारे १३० कॅलरी, प्रोटीन दीड ग्रॅमच्या आत.

राहिलं तेल. वहिनी म्हणाल्या, दोन पळ्या. पळी कढईवर धरून काट्याने मोजायचा प्रयत्न केला, तो फसला. स्वस्त काट्यावर बारीक धार हळूहळू सोडली तर काटा ते वजन धरतच नाही, शून्यावरच राहतो. मग उलट केलं: तेलाची बाटली फोडणीच्या आधी मोजली आणि नंतर मोजली. फरक ३८ ग्रॅम. तेलाच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ९०० कॅलरी, म्हणजे ३४२ कॅलरी.

हा आकडा मी दोनदा तपासला. १०० ग्रॅम वड्यांच्या कॅलरी ३४५ आणि दोन पळ्या तेलाच्या ३४२. आतापर्यंत शीटमध्ये तेल "२ चमचे" म्हणून पडत होतं आणि मी चमचा ५ मिलीचा धरत होतो. मिलीलिटरचं ग्रॅम करताना आणखी एक काळजी: एक लिटरच्या पिशवीवरच ९१० ग्रॅम असं लिहिलेलं असतं. म्हणून १५ मिलीचा मोठा चमचा तेल म्हणजे १५ नव्हे, साधारण साडेतेरा ग्रॅम आणि १२३ कॅलरी.

एकूण पातेलं: ९१७ कॅलरी, ५६ ग्रॅम प्रोटीन. रिकामं पातेलं ६४० ग्रॅम होतं, ते वहिनींनी आधीच मोजून ठेवलं होतं. रस्सा झाल्यावर १५९० ग्रॅम. म्हणजे रस्सा ९५० ग्रॅम. दादाची वाटी २४० ग्रॅम. ९१७ गुणिले २४० भागिले ९५०, म्हणजे २३२ कॅलरी. प्रोटीन १४ ग्रॅम.

२६ जानेवारी

कालचं उत्तर कॅलरींसाठी ठीक, पण प्रोटीनसाठी मला पटेना. रस्सा म्हणजे एकजीव लापशी नाही. प्रोटीन जवळजवळ सगळं वड्यांत आहे आणि तेल वर कट म्हणून तरंगतं. ज्याच्या वाटीत वड्या जास्त त्याला प्रोटीन जास्त, ज्याने वरचा कट घेतला त्याला कॅलरी जास्त. आमच्याकडे कट आवडीने घेणारा दादाच आहे.

म्हणून आज वहिनींनी वाढताना वड्या झाऱ्याने वेगळ्या काढून मोजल्या. सगळ्या शिजलेल्या वड्या ३४० ग्रॅम, त्यांतल्या दादाच्या वाटीत ११०. ५२ ग्रॅममधला त्याचा वाटा ५२ गुणिले ११० भागिले ३४०, म्हणजे जवळपास १७ ग्रॅम. नुसत्या वजनाच्या हिशोबाने १४ आले होते. एका जेवणात ३ ग्रॅमचा फरक.

कटाचं गणित करता येत नाही. वर तरंगणारं तेल कुणाच्या पळीत किती आलं हे घरात मोजण्याची सोय नाही. त्यामुळे उपाय गणितात न शोधता स्वयंपाकात केला: फोडणीला आता १५ ग्रॅम तेल, बाटली मोजूनच, आणि वाढण्याआधी रस्सा तळापासून ढवळायचा. पातेलं ९१७ वरून साधारण ७१० कॅलरींवर आलं. दादाच्या २४० ग्रॅमच्या वाटीला १८० च्या आसपास.

१ फेब्रुवारी

दादाच्या मित्राने परदेशातून प्रोटीन बार आणले. वजन ६० ग्रॅम, २१० कॅलरी, प्रोटीन २०, कार्बोहायड्रेट २३, फॅट ८. बेरीज २४४ येते. सोळा टक्के फरक. तीनदा फोटो मागवला, आकडे बरोबरच होते.

कारण कार्बोहायड्रेटच्या खालच्या दोन ओळींत होतं. २३ ग्रॅमपैकी १० ग्रॅम तंतू आणि ५ ग्रॅम शुगर अल्कोहोल. तंतूंना ग्रॅमला ४ नव्हे, २ कॅलरी धरतात आणि शुगर अल्कोहोलला साधारण २.४. तसं केलं की बेरीज २१६ होते. तपासणीत दोन्ही बेरजा ठेवल्या आणि जी जवळची असेल ती घेतली:

```
def tapas(kcal, p, c, f, tantu=0, polyol=0):
    a = 4*p + 4*c + 9*f
    b = a - 2*tantu - 1.6*polyol
    return min(abs(a-kcal), abs(b-kcal)) / kcal
```

उत्तर ०.०८ च्या वर गेलं तर फोटो पुन्हा मागवायचा. या मर्यादेला काही शास्त्र नाही, आमच्या पाकिटांवर ती चालली इतकंच. अमेरिकेतल्या पाकिटांवर ती थोडी सैल ठेवावी लागते. तिथे कॅलरी ५० च्या वर असतील तर जवळच्या १० वर आणि प्रोटीन पूर्ण ग्रॅमवर आणून छापतात. आणखी म्हणजे त्यांचा मुख्य रकाना १०० ग्रॅमचा नसून एका सर्व्हिंगचा असतो. त्याच मित्राने आणलेल्या पीनट बटरच्या बरणीवर १९० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रोटीन आहे, ते ३२ ग्रॅमला. दादा चपातीला लावतो ते मोजलं, ४५ ग्रॅम भरलं. त्याच्या वाट्याला २६७ कॅलरी आणि जवळपास १० ग्रॅम प्रोटीन.

८ फेब्रुवारी

टक्क्यांचा रकाना वाचायचा नाही असं मी ७ जानेवारीला लिहिलं होतं, ते थोडं मागे घेतो. आज त्याचा उपयोग झाला.

खाकऱ्याच्या पाकिटाचा फोटो आला आणि सर्व्हिंगची ओळ घडीत गेली होती. पाकीट तोवर कचऱ्याच्या गाडीत. १०० ग्रॅमला ४४० कॅलरी हे दिसत होतं, आणि सर्व्हिंगसमोर ऊर्जेचे ४.४ टक्के. २००० चे ४.४ टक्के म्हणजे ८८ कॅलरी, आणि ४४० च्या हिशोबाने ८८ कॅलरी म्हणजे २० ग्रॅम. सर्व्हिंग २० ग्रॅमची होती. हीच आकडेमोड उलटी करून १०० ग्रॅमचा आकडा नीट वाचला का तेही पाहता येतं.

अर्थात सर्व्हिंग २० ग्रॅमची म्हणून एक खाकरा २० ग्रॅमचा असेलच असं नाही. पुढच्या पाकिटातले तीन एकत्र मोजले, ५७ ग्रॅम. एकाला १९ ग्रॅम, ८४ कॅलरी. एकेक मोजण्यापेक्षा तीन चार एकत्र मोजून भागावं, काट्याची एका ग्रॅमची चूक त्यात विभागली जाते.

घरच्या दह्याला तक्ता नाही म्हणून दादा ते शीटमध्ये टाकतच नव्हता. ज्या दुधाला विरजण लावलं त्याचाच तक्ता चालतो. अर्धा लिटर दुधाचं दही पूर्ण मोजायचं आणि त्यातला आपला वाटा काढायचा. टांगून पाणी काढलेल्या चक्क्याला हे लागू नाही, पाण्याबरोबर काही प्रोटीन आणि साखर निघून जाते.

१६ फेब्रुवारी

दादा पुन्हा मॅडमकडे जाऊन आला. या चार आठवड्यांत १ किलो ९०० ग्रॅम उतरले, संध्याकाळची गळून जायची तक्रार नाही. शीटमधलं प्रोटीन रोज ७२ ते ८४ च्या दरम्यान आहे, आणि आता त्या आकड्यावर माझा विश्वास आहे.

शीटमध्ये २३ पाकिटं झाली. त्यांतली चार पुन्हा भरावी लागली. तीन माझ्या चुकीमुळे, आणि एका ओट्सच्या नव्या पाकिटावर तक्त्यातले आकडेच बदललेले होते म्हणून. नाव, रंग सगळं तेच, प्रोटीन १०० ग्रॅमला दीड ग्रॅमने कमी. त्यामुळे नवं पाकीट फोडलं की जुन्या फोटोशेजारी ठेवून प्रोटीनची ओळ एकदा बघायची.

वहिनींनी कोरड्या वड्यांच्या ५० ग्रॅमच्या सहा पुड्या बांधून एका डब्यात ठेवल्या आहेत. पुडीवर खडूने "२६" लिहिलं आहे. दादा आता त्या दिवशी मला फोटो पाठवत नाही, डब्यात किती पुड्या राहिल्या तेवढं कळवतो. शेंगदाण्याच्या चटणीच्या पाकिटाचा फोटो अजून बाकी आहे, त्यावरची अक्षरं लाल पाकिटावर पिवळी आहेत आणि दोन वेळा वाचायला देऊनही हाती काही लागलं नाही. उद्या ते मी फोनवर दादाकडून एकेक ओळ वाचून घेणार आहे.